रक्ताची लाली दिसली, तर शिबिराची तारीख देऊ नका: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस स.न.वि.वि.

खालची गोष्ट रचलेली आहे, पण तिच्यातलं काहीही आमच्या रोजच्या कामाबाहेरचं नाही.

आशाताई घरोघरी आजारांच्या धोक्याची माहिती घेणारा सीबॅक फॉर्म भरत होती. अंगावरून जाण्याच्या प्रश्नाला शेजारच्या काकू सुनेसमोर "नाही" म्हणाल्या. पण पाळी जाऊन सहा वर्षं झालेल्या बाईच्या दोरीवर घड्या वाळत होत्या. ताई दुपारी, काकू एकट्या असताना पुन्हा गेली.

"पांढरं जातं का? वास येतो?"

"मटण धुतलेल्या पाण्यासारखं जातं. उष्णता आहे गं. दोनदा गोळ्या खाल्ल्या. आठ दिवस वास जातो, परत येतो."

गर्भपिशवीच्या तोंडाशी कर्करोगाची गाठ असली, की तिचा वरचा भाग सडू शकतो आणि त्यात जंतू वाढतात. गोळ्यांनी जंतू कमी होतात, वासही कमी होतो. गाठ मात्र जागच्या जागी असते. म्हणून तात्पुरता गुण येणं हीच मोठी फसगत.

काकूंची भीती वेगळी होती: "पिशवी काढतील." ताईने "काही नसेल हो" असा खोटा धीर दिला नाही. ती म्हणाली, "उद्या नुसतं बघणार. पाठीवर झोपायचं, गुडघे वर घ्यायचे, यंत्र घालून तोंड बघतात. पाचएक मिनिटं. शंका वाटली तर तांदळाएवढा तुकडा तपासायला घेतील. पिशवीचं तुम्हाला विचारल्याशिवाय कुणी ठरवणार नाही. आतून धुऊन येऊ नका, स्वच्छ घडी घेऊन या. तपासायला बाईच असेल, मी फोन करून विचारलंय." शेवटचं वाक्य ऐकून काकू तयार झाल्या.

साहेब, घोटाळा इथून पुढे होतो. अशा बाईला व्हीआयएच्या शिबिराची तारीख मिळते. ही तपासणी तक्रार नसलेल्या बायकांसाठी आहे: पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का बघायचं. पाळी गेल्यावर जिथे बदल सुरू होतात तो भाग बहुतेकदा आत सरकतो, नीट दिसत नाही. त्यात शिबिराच्या वहीत "निगेटिव्ह" लिहिलं गेलं, की बाई निर्धास्त घरी बसते.

म्हणून मागणं एवढंच. फॉर्मवर पाळीनंतरचं रक्त किंवा रक्ताळलेला, घाण वासाचा स्राव नोंदला, तर व्हीआयएचा निकाल काहीही असो, बाईला त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावं. आत बघितल्याशिवाय गोळ्यांचा दुसरा कोर्स देऊ नये. बायोप्सीचा ठरलेला वार उपजिल्हा रुग्णालयाच्या दारावर लिहिलेला असावा, आणि सोबत गेलेल्या आशाताईचा तो दिवस मोबदल्यात धरावा.

आपले,
ग्रामीण आरोग्यसेवेतले कर्मचारी