पुण्यतिथीच्या भाषणाबद्दल
नमस्कार मंडळी, रविवारी सकाळी दहाला ट्रस्टच्या हॉलमध्ये दादांची पुण्यतिथी, भाषण माझ्याकडे आहे आणि यावेळी जन्म, शिक्षण, पुरस्कार वाचणार नाही, पाच मिनिटांत फक्त दोन प्रसंग सांगणार. ऑडिटच्या आदल्या रात्री प्रवासखर्चाचं एक व्हाउचर सापडेना, कुणीतरी म्हणालं नवीन बनवून टाकू, तर दादांनी तेवढे पैसे स्वतःच्या खिशातून भरले आणि कॅशबुकात लिहिलं, ‘पावती हरवली, रक्कम परत जमा’. ते पान अजून आहे, टेबलावर ठेवते, नक्की बघा. दुसरा, शिष्यवृत्तीच्या मीटिंगमध्ये पुतण्याचा अर्ज आला तेव्हा दादा उठून व्हरांड्यात जाऊन बसले, निर्णय होईपर्यंत आत आलेच नाहीत. त्या मीटिंगला कोण होतं? शनिवारपर्यंत फोन करा प्लीज, मला साल चुकीचं सांगायचं नाहीये.