भाव वाढला आणि खपही वाढला, तर? अन्नमंत्र्यांना खुले पत्र

मा. अन्नमंत्री महोदय,
स. न.

स्वस्त धान्याचा भाव चढला आणि तरी त्याचा खप वाढला, असे आकडे समोर आले की त्यांचा एकच अर्थ लावला जातो: लोकांना नवा भाव परवडतो आहे. भाव वाढला की मागणी घटते हा नियम. ती घटली नाही, म्हणजे चणचण नाही. गरिबाच्या मुख्य अन्नाबाबत हा निष्कर्ष कधीकधी नेमका उलटा असतो.

एक काल्पनिक कुटुंब घ्या. त्याला दिवसाला 6 वाटे अन्न लागते, त्याहून कमी मिळाले तर भूक राहते. खर्चायला 24 नाणी आहेत. साधे धान्य 2 नाण्यांना वाटा, चवीचे महाग अन्न 8 नाण्यांना. दोन्हींनी पोट सारखेच भरते. हे कुटुंब 4 वाटे धान्य आणि 2 वाटे महाग अन्न घेईल. हिशेब बरोबर 24 चा. आता धान्य 3 नाण्यांवर गेले. जुनी खरेदी करायला 28 नाणी लागतील आणि खिशात 24 च आहेत. काटछाट कुठे करणार? धान्य कमी केले तर उपाशी राहावे लागते. म्हणून महाग अन्न 1.2 वाट्यांवर येते आणि धान्य 4.8 वाट्यांवर जाते. धान्य 4 नाण्यांवर पोहोचले की सगळे 6 वाटे धान्याचेच. खप दीडपट झाला, कारण कुटुंब गरीब झाले.

भाववाढ एकाच वेळी दोन गोष्टी करते. धान्य इतरांच्या तुलनेत महाग होते, म्हणून त्यापासून दूर जावेसे वाटते. हा पर्यायता परिणाम. शिवाय त्याच पैशात आता कमी येते, म्हणजे खरे उत्पन्न घटते. हा उत्पन्न परिणाम. उत्पन्न घटल्यावर जिची खरेदी वाढते ती निकृष्ट वस्तू, आणि तिच्या बाबतीत हे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात. पण वस्तू निकृष्ट आहे एवढ्याने नियम मोडत नाही. बहुतेक निकृष्ट वस्तू तो निमूटपणे पाळतात. उत्पन्न परिणाम जिंकायचा तर खर्चाचा मोठा हिस्सा त्या एका वस्तूवर जात असला पाहिजे आणि तिच्याइतका स्वस्त पर्याय हाताशी नसला पाहिजे. मिठाचा भाव दुप्पट झाला म्हणून कुणी गरीब होत नाही. मुख्य धान्याचा झाला तर होतो. अशा वस्तूंना गिफेन वस्तू म्हणतात. आल्फ्रेड मार्शल यांनी 1895 मध्ये ही कल्पना रॉबर्ट गिफेन यांच्या नावे नोंदवली.

पुराव्यासाठी आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळाचा दाखला सर्रास दिला जातो. तो सोडून द्यावा. पीकच सडले होते. नसलेला बटाटा लोक जास्त कसा खातील? भक्कम पुरावा चीनमधला आहे. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी हुनान आणि गान्सू प्रांतांतल्या शहरी गरीब कुटुंबांना पाच महिने मुख्य धान्यावर सवलतीची कुपने दिली, काहींना मुद्दाम दिली नाहीत, आणि दोघांचे खाणे मोजले. 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हुनानमध्ये तांदूळ स्वस्त होताच कुपनवाल्यांनी तो कमी खाल्ला, कुपने थांबल्यावर पुन्हा जास्त. गान्सूत गव्हाबाबतचा पुरावा दुबळा निघाला. आणि सर्वांत गरीब घरांत हे वर्तन दिसले नाही.

ही शेवटची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपले काल्पनिक कुटुंबही तेच सांगते. धान्य 5 नाण्यांवर गेले की 24 नाण्यांत 4.8 वाटेच येतात. महाग अन्न आधीच सुटलेले, कापायला काही उरलेले नाही. आता खप घटतो आणि भूक सुरू होते. म्हणजे वाढता खप हा अडचणीत आलेल्यांचा आणि घटता खप कोलमडलेल्यांचा असू शकतो. दोघांची बेरीज करून काढलेल्या एका आकड्यात काहीच दिसत नाही.

म्हणून नुसता विक्रीचा आकडा पुरेसा नाही. पुढे भाव चढणार या भीतीने लोक साठा करतात तेव्हाही विक्री वाढते, पण तेव्हा ती काही आठवड्यांत खाली येते आणि घरात खाल्ले जाणारे प्रमाण बदललेले नसते. खरी खूण त्याच कुटुंबाच्या ताटात सापडते: धान्य वाढले, आणि त्याच वेळी महाग अन्न घटले. याचाच उलटा अर्थ सवलतीलाही लागू आहे. धान्य स्वस्त केल्यावर त्याची उचल कमी झाली तर योजना फसली असे लगेच ठरवू नये. वाचलेल्या पैशात ते घर दुसरे काही खाऊ लागले असेल. मात्र त्याने पोषण सुधारलेच असे धरून चालणेही चूक आहे, कारण चवीचे अन्न पौष्टिक असतेच असे नाही.

माझी मागणी एवढीच की पुढच्या दरबदलाआधी आणि नंतर त्याच कुटुंबांच्या संपूर्ण अन्नखरेदीची नोंद घ्यावी, आणि ती उत्पन्नाच्या थरांनुसार वेगवेगळी मांडावी.

आपला,
अर्थशास्त्राचा एक शिक्षक