कागदाने अडणारा अल्फा कण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील किरणोत्साराविषयीच्या लेखात ‘अल्फा किरण साध्या कागदानेही अडतात, त्यामुळे त्यांच्यापासून फारसा धोका नाही’ असे वाक्य आहे. त्यातला पूर्वार्ध बरोबर आहे. ‘त्यामुळे’ हा शब्द मात्र चुकीच्या जागी पडला आहे.

पोलोनियम-२१० या किरणोत्सारी धातूचे उदाहरण घेऊ. त्यातून निघणाऱ्या अल्फा कणाची ऊर्जा सुमारे ५३ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट असते आणि हवेत तो जेमतेम ३.८ सेंटिमीटर जातो. कण किती अंतर जाईल हे मुख्यतः वाटेत किती वस्तुमान आडवे येते यावर ठरते. हवेचा एक घनसेंटिमीटर १.२ मिलिग्रॅम भरतो, म्हणजे ३.८ सेंटिमीटर हवेत दर चौरस सेंटिमीटरमागे साधारण ४.६ मिलिग्रॅम पदार्थ येतो. झेरॉक्सचा नेहमीचा ८० जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला ८० ग्रॅमचा, कागद याच हिशेबाने ८ मिलिग्रॅम भरतो. कागद जिंकतो, तेही आरामात.

आता तोच हिशेब शरीराला लावा. ऊतींची घनता पाण्याच्या जवळपास असते, म्हणून ४.६ मिलिग्रॅमसाठी ०.०४६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४६ मायक्रॉन पुरतात. त्वचेत सतत विभागणाऱ्या जिवंत पेशींचा थर सर्वसाधारणपणे ७० मायक्रॉन खोल धरला जातो. म्हणूनच बाहेर ठेवलेले पोलोनियम त्वचेला सहसा इजा करत नाही.

पण अडणे म्हणजे ऊर्जा नाहीशी होणे नव्हे. कण जिथे थांबतो तिथवर सगळी ऊर्जा ओतून टाकतो. हवेत एकेका कणामुळे सुमारे दीड लाख आयनजोड्या, म्हणजे सुटलेला इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेला भारित रेणू यांच्या जोड्या, तयार होतात. शरीरात तेवढीच ऊर्जा ४६ मायक्रॉनमध्ये, म्हणजे ओळीने तीन-चार पेशींमध्ये उतरते, आणि वेग मंदावत गेल्यामुळे मार्गाच्या शेवटाकडे तिचा मारा सर्वांत दाट होतो. गॅमा किरणांमुळे होणारे आघात विखुरलेले असतात, त्यामुळे डीएनएची एक साखळी तुटली तर दुसरीच्या आधाराने पेशी दुरुस्ती करते. अल्फाच्या वाटेत दोन्ही साखळ्या जवळजवळ एकाच जागी तुटण्याची शक्यता जास्त, आणि अशी दुरुस्ती बरेचदा चुकते. किरणोत्सार संरक्षणाच्या नियमांत कर्करोगाचा धोका मोजताना ऊतीत शोषल्या गेलेल्या तेवढ्याच ऊर्जेसाठी अल्फाला गॅमाच्या २० पट भार देतात, त्यामागे हेच कारण आहे.

पोलोनियम पोटात किंवा श्वासावाटे फुफ्फुसात गेले की मृत त्वचेचा आडोसा उरत नाही. रक्तात उतरलेला भाग यकृत, मूत्रपिंड, प्लीहा, अस्थिमज्जा अशा ठिकाणी पोहोचतो, आणि तिथे पहिल्या मायक्रॉनपासूनच जिवंत पेशी असतात. शिवाय एक मायक्रोग्रॅम पोलोनियम-२१० दर सेकंदाला सोळा कोटींहून अधिक अल्फा कण सोडते. अर्धायुष्यकाल १३८ दिवसांचा, म्हणजे मारा लवकर थंडावत नाही.

रशियाचा माजी गुप्तहेर अलेक्झांडर लिट्विनेन्को याच्या बाबतीत हे घडलेले आहे. १ नोव्हेंबर २००६ रोजी लंडनच्या मिलेनियम हॉटेलात त्याने पोलोनियम मिसळलेला चहा घेतला आणि २३ नोव्हेंबरला तो वारला. आधी डॉक्टरांना थॅलियमची विषबाधा वाटली. गायगर काउंटर अंगाजवळ धरूनही काही सापडले नाही, आणि तसे होणारच होते: कण शरीरातच अडत होते, मग बाहेर येणार काय? पोलोनियमच्या दर लाख विघटनांत जेमतेम एकदा निघणारा गॅमा किरण लघवीच्या नमुन्यात दिसला, तेव्हा कुठे उलगडा झाला. पक्की खात्री पटली ती मृत्यूच्या काही तास आधी. ज्या गुणामुळे कागद पुरतो, त्याच गुणामुळे हे विष लपून राहिले, ही बाब मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

याचा व्यवहारातला अर्थही सांगायला हवा. अल्फा शोधायचा तर पातळ खिडकीचा मापक पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर अंतरावर धरून अगदी सावकाश फिरवावा लागतो. पृष्ठभाग ओला असेल तर पाण्याचा पातळ थरही मापकाला फसवतो, म्हणून जागा पुसून त्या फडक्याचे किंवा कागदाचे मापन करतात. माणसाच्या बाबतीत लघवी आणि विष्ठेची तपासणी करावी लागते. अशा प्रयोगशाळेत हातमोजे, बंद पेटी आणि खाण्यापिण्यावर बंदी असते. शिशाची जाड भिंत मात्र केवळ अल्फासाठी कोणी बांधत नाही.

लेखकाने पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती करावी, ही विनंती: शरीराबाहेरचा स्रोत आणि शरीरात शिरलेला स्रोत यांचा धोका वेगवेगळा मोजावा लागतो.

आपली,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका, सातारा