तक्रार: तुमच्या चॅटबॉटने रिटर्नबद्दल चुकीचं सांगितलं, आता जबाबदारी घ्या

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी / कस्टमर केअर

नमस्कार,

तुमच्याकडून फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेतलंय, ऑर्डरचे डिटेल्स आणि चॅटचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत. मशीन खराब नाहीये, ते आधीच सांगतो, नाहीतर परत टेक्निशियन पाठवाल.

आमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर आहे, गच्चीतली टाकी अगदी डोक्यावर, त्यामुळे नळाला प्रेशर कमी. म्हणून इन्स्टॉलेशनच्या आधीच तुमच्या साइटवरच्या चॅटबॉटला विचारलं की बसवल्यावर पाणी नीट चढलं नाही तर मशीन परत घ्याल का. उत्तर आलं, "हो, इन्स्टॉलेशननंतरही १० दिवसांच्या आत रिटर्न करता येईल." इतकं स्पष्ट सांगितल्यावर बसवून घेतलं. झालं तेच, मशीन पाणी घेईना, एरर दाखवून थांबायला लागलं. टेक्निशियनने बघून सांगितलं की मशीन ठीक आहे, प्रेशर कमी पडतंय, बूस्टर पंप लावा. रिटर्न मागितला तर कस्टमर केअर म्हणतं की एकदा बसवलेलं मशीन परत घेत नाही, पॉलिसीत लिहिलंय.

मग पॉलिसीचं पान शोधून वाचलं. तिथे खरंच तसं लिहिलंय. आणि ते १० दिवस कुठून आले तेही सापडलं, मिक्सर आणि इस्त्रीच्या रिटर्नखाली! म्हणजे बॉटने बहुतेक मिक्सरचा नियम माझ्या मशीनला चिकटवला, खाली ना पानाची लिंक ना "एकदा खात्री करा" असं काही. नंतर तोच प्रश्न जरा शब्द बदलून विचारला तर म्हणाला रिटर्न होणार नाही. हाही स्क्रीनशॉट जोडलाय.

पूर्वी तुमच्या साइटवर साधी बटणं होती, ऑर्डर कुठे आहे, रिटर्न, वॉरंटी, सर्व्हिस बुकिंग, आमच्याशी बोला. रिटर्न दाबलं की प्रॉडक्ट निवडायचं आणि तुमच्या माणसांनी लिहिलेला नियम जसाच्या तसा समोर यायचा, कोणीही दाबलं तरी तोच. माझा प्रेशरचा प्रश्न त्यात बसला नसता हे मान्य, पण मग "आमच्याशी बोला" दाबून मी माणसाला विचारलं असतं. बटणाला जे माहीत नाही ते बटण सांगत नाही, तुमचा बॉट मात्र जे माहीत नाही तेही त्याच ठसक्यात सांगतो आणि वाचणाऱ्याला फरक कळायला काही मार्गच नाही.

माणसाकडे जायचं म्हटलं तर अजूनच वैताग. "एजंटशी बोलायचंय" असं टाइप केलं की बॉट म्हणतो मी तुम्हाला कशी मदत करू, परत तेच टाइप केलं की परत तेच, आणि शेवटी जोडून दिलं तेव्हा समोरच्या मॅडमना आधीचं चॅट दिसतच नव्हतं, सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. त्या बिचाऱ्या चांगल्या बोलल्या पण "बॉटने काय सांगितलं ते आम्ही धरत नाही" हे त्यांचं वाक्य मला मान्य नाही.

एअर कॅनडाने हेच करून बघितलंय. त्यांच्या बॉटने एका प्रवाशाला सांगितलं होतं की घरातल्या मृत्यूमुळे मिळणारी भाड्यातली सवलत तिकीट काढल्यापासून ९० दिवसांत, प्रवास झाल्यावरही मागता येते, आणि साइटवरच्या पानावर बरोबर उलटं लिहिलेलं. कंपनी म्हणाली बॉट त्याच्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या ट्रिब्युनलने फेब्रुवारी २०२४ मध्ये हे उडवून लावलं, साइटवरची सगळी माहिती कंपनीचीच, पान असो की बॉट, असं म्हणत ८१२ कॅनडियन डॉलरच्या आसपास द्यायला लावले. तो निकाल इथे लागू नाही हे मला माहितीये, पण युक्तिवाद तुमचाही तोच आहे.

माझं म्हणणं, एकतर मशीन परत घ्या नाहीतर बूस्टर पंप आणि तो बसवायचा खर्च द्या. आणि बॉट ठेवायचाच असेल तर त्याला ऑर्डर स्टेटस, सर्व्हिसची तारीख एवढंच काम द्या, रिटर्न, रिफंड, वॉरंटी असं पैशाचं काही विचारलं की त्याने स्वतःची वाक्यं न बनवता त्या प्रॉडक्टचं पॉलिसीचं पान दाखवावं. "माणसाशी बोला" हे बटण पहिल्यापासून दिसू द्या, आणि चॅट पुढे पाठवताना आधीचं सगळं एजंटला दिसू द्या. ऑफिस बंद असेल तर तसं सांगा, उगाच गोल गोल फिरवू नका.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, हेच स्क्रीनशॉट घेऊन तक्रार नोंदवणार आहे. आणि प्लीज या मेलला बॉटकडून उत्तर नको.

आपला,
ऑर्डर केलेला ग्राहक (मोबाइल नंबर ऑर्डरमध्ये आहे, संध्याकाळी सहानंतर फोन करा)