अण्णांची चावी

परभणी,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय विन्या,

चार महिने तुला उत्तर दिलं नाही. कामात होतो असं म्हणणार नाही. तुला न विचारता तुझ्या अण्णांवर नाटक लिहायला घेतलं होतं आणि ते सांगायची हिंमत होत नव्हती. आईचे गुडघे तसेच आहेत, बाकी बरं.

एकपात्री आहे, स्पर्धेसाठी. अण्णांचं काम मुंजा करतोय. वेळ 30 मिनिटं, रंगमंच मोकळा, नेपथ्य काहीच नाही. एक व्हॉल्वमन, रात्रीचे दोन वाजलेत आणि आठ दिवसांनी गल्लीला पाणी सोडायचंय, एवढंच.

पहिल्या खर्ड्यात मी अण्णांच्या हातात मोबाईल दिला होता. "काय म्हणता वहिनी? पाणी आलं न्हाई? आठ दिस झाले?" असं पानभर. सेकंड इयरला ग्राउंडच्या मागं तू माझ्यावर ओरडला होतास ते आठवतं? "फोनवरचा माणूस समोरच्याचं वाक्य परत कामून म्हणतो बे? त्याला ऐकू येत नाही का?" तेव्हा आठ दिवस बोललो नव्हतो आपण. विन्या, तुझं बरोबर होतं. पात्र दुसऱ्याचं वाक्य पुन्हा म्हणतं तेव्हा ते प्रेक्षकांना माहिती देत असतं, कुणाशी बोलत नसतं.

फोन काढला. आता वहिनी ओट्यावर बसलेल्या आहेत, आणि अण्णा म्हणतात, "घागर खाली ठेवा, हात भरून येईल. ... न्हाई, तुमचीच गल्ली आधी सोडतो असं म्हणलो न्हाई मी. ... पोरगं झोपलं का?" घागर, राग, मूल, सगळं कळतं आणि वहिनींचा एक शब्दही अण्णांच्या तोंडी नाही. पण मधले थांबे मुंजा नुसते मोजायचा, प्रत्येक थांबा सारखाच. म्हणून वहिनींची वाक्यं मी समासात पेन्सिलीनं पूर्ण लिहिली. ती त्याला पाठ करायला लावली, मनात ऐकायला लावली. मग एक थांबा लांबला, एक जागीच तुटला, आणि एकदा तर त्यानं वहिनींना मधेच तोडलं. ते मी लिहिलंच नव्हतं.

नजरेनं फार छळलं. जमिनीवर खडूच्या खुणा केल्या तर मान खाली जायची, चेहऱ्यावर अंधार. आता खुणा हॉलच्या मागच्या भिंतीवर आहेत. वहिनी बसलेल्या, म्हणून त्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात. पाणीपुरवठ्याचे साहेब जीपमध्ये, म्हणून पंख्याच्या बटणापाशी, थोडे वर. नजर वीतभर सरकली तरी बाई उठून गेल्यासारखं वाटतं.

अजून एक चूक सापडली. सहाव्या पानावर अण्णा साहेबांची नक्कल करायचे. तालमीला आलेली पोरं हसून लोळली, मी खूश. पण त्यानंतर वहिनींचे थांबे पडले की पोरांना वाटायचं, मुंजा वाक्य विसरला. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड'मध्ये 52 पात्रं एकटे व्हायचे, तिथं प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळायचं की हा माणूस सगळ्यांचे आवाज काढणार. आमच्याकडं बाकीची माणसं फक्त अण्णांना दिसतात. एकाचा आवाज काढला की बाकीचे मुके होतात. नक्कल कापली, जीव तुटला.

बसून वाचलं तेव्हा 28 मिनिटं भरली होती. उभं राहून केलं तर 41. थांबे आणि चावी फिरवणं मी धरलंच नव्हतं. आता 31 वर आलंय. तू आता पुण्यातला मोठा माणूस, घर झालं म्हणे, अभिनंदन. पोरीच्या शाळेचं काय झालं ते कळव.

आता जे विचारायला हे पत्र लिहितोय ते. शेवट ताईच्या हळदीच्या रात्रीचा आहे. घरात पाहुणे, हौदात थेंब नाही, काकू व्हॉल्वपाशी चालत आलेल्या, आणि अण्णांनी पाळी मोडली नाही. आधी मागच्या गल्लीलाच पाणी सोडलं. नाटकात अण्णा काकूंना उत्तर देत नाहीत. फक्त चावीचे फेरे मोजतात, एक ते 14. मुंजा तिथं नुसता आकडे म्हणतो. नवव्या फेऱ्यावर हात कामून अडावा, त्याला कळत नाही, कारण समासात पेन्सिलीचं एक अक्षर नाही. काकू काय म्हणाल्या ते मला माहीत नाही. मी तेव्हा मांडवात होतो. कंदील धरून काकूंबरोबर तू गेला होतास.

तुला नको वाटत असेल तर शेवट बदलतो, अण्णांचं गावही बदलतो. काकूंनाही विचार. पण चालत असेल तर त्या रात्रीचं जे आठवतं ते लिहून पाठव, वाक्य अर्धं असलं तरी. प्रेक्षकांना ते कधीच ऐकू येणार नाही. मुंजाला येईल.

आणि ती लोखंडी चावी अजून तुमच्या माळ्यावर आहे का? गुरुवारी मी गावाकडं जातोय.

तुझा,
सुध्या