भूपातील ओळ आणि तुझे शब्द

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि भूपाच्या सरगमेवर बसवलेली ओळ मिळाली. मात्रा मोजून सोळा भरतात, तरीही गाताना ओळ अडखळते, ही तुझी तक्रार खरी आहे. मी ती तबल्याच्या ठेक्यावर चार-पाच वेळा म्हणून पाहिली. सरगम अशी आहे, तीनतालात खालीपासून उठणारी:

ग रे ग प । ध सां ध प । ग – प ग । रे – सा –

तुझे शब्द आहेत ‘नदीकिनारी वाट ओलसर’. पूर्वार्ध मला मान्य आहे. तिथे प्रत्येक स्वर एकेका मात्रेचा असल्यामुळे ‘दी’, ‘ना’, ‘री’ ही गुरू अक्षरे दोन-दोन स्वरांवर सहज पसरतात. आरंभीचा लघू ‘न’ खालीवर येतो, पण तिथे टाळीचा आघात नसल्याने तो खटकत नाही. समेवर असे हलके अक्षर मी ठेवले नसते.

अडचण समेपासून पुढे आहे. तिथे स्वरांची चाल लांब, आखूड, आखूड, लांब, लांब अशी आहे आणि तुझी अक्षरे गुरू, लघू, गुरू, लघू, लघू, लघू अशी आहेत. बेरीज दोन्हीकडे आठच, पण ‘ओ’ एका मात्रेत आखडतो, ‘ल’ रिषभावर दोन मात्रा ताणला जातो आणि शेवटच्या लांब षड्जाचे ‘स’ आणि ‘र’ असे दोन तुकडे होतात. शब्द ठाऊक नसलेल्या माणसाला ओळ गाऊन दाखव. त्याला ‘वाटो लाऽसर’ ऐकू येईल आणि हे सर कोण, असे तो विचारील!

तू पर्याय म्हणून सुचवलेले ‘रस्ता गेला’ मात्रांत चोख बसते, पण तिथे वेगळीच गोम आहे. ‘र’ गुरू ठरतो तो पुढच्या ‘स्ता’ या जोडाक्षरामुळे, त्याचा स्वतःचा स्वर ऱ्हस्वच आहे. वाचताना आपण ती जास्तीची मात्रा ‘स्’वर काढतो, परंतु गाताना ‘स्’ लांबवता येत नाही, म्हणून गळा ‘अ’ ताणतो आणि समेवर, तेही भूपाच्या वादी गंधारावर, ‘राऽस्ता’ उमटतो. म्हणून लांब स्वराखाली नुसता गुरू असून भागत नाही, आ, ई, ऊ, ए, ओ यांपैकी मोकळा दीर्घ स्वर हवा.

यावर मला सुचले ते असे:

न दी ऽ कि । ना ऽ री ऽ । वा ऽ ट नि । घा ऽ ली ऽ

‘वा’, ‘घा’, ‘ली’ तिन्ही लांब स्वरांखाली येतात आणि ‘ट’, ‘नि’ आखूड पंचम-गंधारावर निसटून जातात. ‘ओलसर’चा ओलावा मात्र गेला, याची मलाही हळहळ आहे. तो शब्द सोडवत नसेल तर अंतऱ्यात, लागोपाठ एकेका मात्रेचे स्वर असतील अशा जागी त्याला घे. त्या अंतऱ्याची सरगम मला पाठव, आणि लांबवलेल्या स्वरांपुढे रेघा न विसरता काढ. मागच्या पत्रात दोन राहिल्या होत्या.

तुझा मित्र