दुकानाची वेळ आणि मंगळवार

ती. आई-बाबा,

सा. न. आईने पाठवलेले वहीचे फोटो मिळाले. दुकानात आलेल्या दर माणसामागे एक, अशा चार आठवड्यांच्या सगळ्या रेघा मी रात्री बसून मोजल्या. आई, तुझं कौतुक वाटलं, दुपारच्या झोपेच्या तासाच्या रेघासुद्धा तू सोडल्या नाहीस. एका फोटोत चहाच्या कपाचा गोल डाग आहे, तो मी आधी 'घाईचं गिऱ्हाईक' म्हणून मोजला होता.

बाबा, तुमचं म्हणणं आईने फोनवर सांगितलं. सकाळी आठ ते रात्री दहा दुकान उघडं, सुट्टी नाही, म्हणून गिऱ्हाईक टिकून आहे. वही मात्र थोडं वेगळं सांगते.

सकाळपासून सुरू करते. बिलबुकात आठच्या आधी काहीच नाही, कारण आठच्या आधी आपण उघडतच नाही. बंद शटरपुढून परत गेलेल्याचं बिल फाटत नाही. आई अंगण झाडताना सात ते पावणेआठच्या दरम्यान 'काकू, एक कार्डशीट द्या ना' म्हणत येणारी शाळेची मुलं तिने सहा दिवस वेगळी मोजली. रोज सरासरी दहा. आणि आपण उघडल्यावर आठ ते नऊ या तासात येतात चार. म्हणजे जो तास आपण झोपेत घालवतो तो पुढच्या तासाच्या अडीचपट चालू शकतो. सातला उघडा.

दुपारी दीड ते साडेचार या तीन तासांत दिवसाला सरासरी पाच माणसं येतात. त्यातही बाबा जेवायला गेले की शटर अर्धं, आणि आलेल्याला कळत नाही की थांबायचं की जायचं. अर्धं शटर सगळ्यात वाईट. सरळ दीडला बंद करा आणि साडेचारला उघडा.

आता रात्रीचा तास. नऊ ते दहा चार माणसं, आणि आईने नावं लिहिली आहेत म्हणून कळतं की त्यातली तीन रोजचीच. दोघं एक रिफिल घेऊन अर्धा तास तुमच्याशी गप्पा मारतात. बाबा, रागावू नका, त्या गप्पा मलाही आवडतात, पण त्यासाठी दिवे आणि तुमचे गुडघे जळतात. तिसरे कामावरून सव्वानऊला सुटतात. त्यांना सांगा, फोन करा, सामान बांधून घरी ठेवतो. नऊला बंद. सात ते दीड आणि साडेचार ते नऊ मिळून अकरा तास होतात. आता चौदा आहेत.

सुट्टीच्या वारावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. तुम्ही म्हणालात, घ्यायचीच तर बुधवारी घेऊ, आपल्या रांगेतली सगळी दुकानं बुधवारी बंद असतात. आई म्हणते रविवार, कारण रविवारी माणसं सगळ्यात कमी. दोन्ही पटण्यासारखं आहे, पण गिऱ्हाईक किती, याआधी गिऱ्हाईक कसलं, हे बघायला हवं. ज्याला वही हवी आहे तो आज नाही मिळाली तर उद्या येतो. ज्याला झेरॉक्स आत्ता हवी आहे तो थांबत नाही, दुसरीकडे जातो, आणि कधीकधी तिकडचाच होतो. म्हणून आईला सांगितलं होतं की घाईच्या माणसाच्या रेघेभोवती गोल कर.

रविवारी दिवसाला सरासरी 62 माणसं, त्यात गोल 45. कारण उघड आहे: सोमवारी द्यायचा प्रकल्प मुलांना रविवारी संध्याकाळी आठवतो. बुधवारी 97, गोल 44. रांगेतलं दुसरं स्टेशनरीचं दुकान त्या दिवशी बंद, म्हणून त्यांची घाईची माणसंही आपल्याकडे. तो दिवस आपण बंद ठेवणं म्हणजे आपणहून आलेलं सोडणं. मंगळवारी 79, पण गोल फक्त 28. आकडा रविवारपेक्षा मोठा असला तरी खरं नुकसान त्या 28 जणांचंच, उरलेले 51 सोमवारी किंवा बुधवारी येऊ शकतात. शिवाय होलसेलवाल्याचा माल सोमवारी येतो, तोही अडत नाही. म्हणून मंगळवार. मदतीला येणाऱ्या मुलालाही मग ठरलेली सुट्टी मिळेल.

मी चुकत असेन तर ते असं कळेल. आत्ता सोमवारची 84 आणि बुधवारची 97 मिळून 181 माणसं होतात. मंगळवारची ती 51 खरंच सरकली तर हा आकडा 230च्या आसपास जायला हवा. 190च्या पुढे हललाच नाही, तर ती माणसं दुसरीकडे गेली आणि आपला वार चुकला. पहिले दोन आठवडे मोजू नका, लोकांना कळायलाच तेवढे लागतात. नंतरचे चार मोजा. आणि एका वेळी एकच बदल करा. आधी वार, मग वेळ. दोन्ही एकदम केलं तर माणसं कशामुळे वाढली की घटली ते कधीच कळणार नाही. परीक्षा किंवा शाळेची सुट्टी त्यातच आली तर तेवढे आठवडे बाजूला ठेवा. शाळेला लांब सुट्टी लागली की सकाळी सातच्या उघडण्यालाही अर्थ नाही, तेव्हा नऊ.

सणांचं मी मागच्या वर्षीच्या बिलबुकावरून पाहिलं, तारखेने नाही, सणाच्या नावाने, कारण सण दरवर्षी सरकतो. सणाच्या दिवशी दुकान उघडं ठेवून 17 माणसं आली आणि आदल्या दिवशी 140. त्या 140 दिवशी आपण नेहमीच्या वेळेला शटर ओढलं होतं आणि आईला आठवतं की बाहेर माणसं उभी होती. सजावटीचा कागद हवा होता त्यांना. तेव्हा उलटं करा. आदल्या रात्री तास-दीड तास जास्त बसा, सणाच्या दिवशी बंद. सोमवारी सण आला की मंगळवार धरून सलग दोन दिवस बंद होतात, ते घाईच्या गिऱ्हाइकाला फार. अशा आठवड्यात मंगळवारी सकाळी सात ते नऊ उघडा.

आणि पाटी. नुसती शटरवर लावली तर ती दुकान बंद झाल्यावरच वाचली जाते. सुट्टे पैसे परत देता त्या जागी, काउंटरच्या काचेखाली, 'मंगळवारी बंद' मोठ्या अक्षरात हवं, आणि सणाच्या बंदचा कागद किमान आठ दिवस आधी. मागे एकदा न सांगता दोन दिवस बंद ठेवलं होतं, तेव्हा रजिस्टर नेणारे ते गृहस्थ दोनदा परत गेले आणि नंतर दिसलेच नाहीत, आठवतं? फोनवरच्या नकाशात दुकानाची वेळ लिहिलेली आहे, ती अजून आठ ते दहा दाखवते. ती मी इथून बदलते, तुम्ही वार पक्का केलात की लगेच.

बाबा, एक काम. त्या सणाच्या आधीच्या आठवड्याचं बिलबुक फोटोंमध्ये नव्हतं. बहुधा गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात असेल. ते मिळालं की कागदाची गर्दी नेमकी किती दिवस आधी सुरू होते ते बघता येईल, आणि जास्त बसायचं एक रात्र की दोन, ते ठरेल.

तुमची,
मोठी